दोन नाणी आणि चारशे फेकी

दोन नाणी एकदम उडवली तर काय काय होऊ शकतं? संभाव्यतेचा धडा सुरू करताना मी फळ्यावर काहीही न लिहिता आधी हा प्रश्न विचारते. उत्तर लगेच येतं. "बाई, दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक छापा एक काटा." म्हणजे किती प्रकार? "तीन." मग एक छापा आणि एक काटा पडण्याची शक्यता किती? "तिनातली एक." मागच्या बाकावरची शिकवणीला जाणारी दोघं-तिघं "चार, बाई, चार" असं ओरडतात. का चार, असं विचारलं की म्हणतात, "पुस्तकात आहे."

पुस्तकात आहेच. दहावीच्या गणितात नमुना अवकाश लिहायला शिकवतात, त्यात दोन नाण्यांच्या चार निष्पत्ती छापलेल्या असतात. पण माझं मत विचाराल तर पुस्तकातले चार पाठ म्हणणाऱ्यांपेक्षा तीन म्हणणारी मुलं त्या क्षणी जास्त विचार करत असतात. त्यांनी डोळ्यांसमोर नाणी आणली, ती पडलेली पाहिली आणि जे दिसलं ते मोजलं. चूक मोजण्यात नाही. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर आहे, आणि त्या पायरीवर भलेभले घसरले आहेत.

जाँ द'अलांबेर हा अठराव्या शतकातला फ्रान्सचा मोठा गणिती. दिदरोबरोबर त्याने जो प्रसिद्ध विश्वकोश संपादित केला, त्यात १७५४ साली त्याने छापा-काट्यावर एक नोंद लिहिली. प्रश्न असा होता : नाणं दोनदा उडवायचं, दोहोंपैकी निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? सगळे म्हणत होते चारातल्या तीन. द'अलांबेर म्हणाला, पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, दुसरी फेक करायचीच कशाला? म्हणून प्रकार तीनच : पहिल्यांदाच छापा, आधी काटा मग छापा, आणि दोन्ही वेळा काटा. त्यातले दोन आपल्या बाजूचे, तेव्हा उत्तर तिनातल्या दोन.

त्याने सांगितलेले तीन प्रकार खोटे नाहीत. पण ते सारख्या वजनाचे नाहीत. पहिल्यांदाच छापा पडणं हे निम्म्या वेळा घडतं, बाकीचे दोन प्रकार उरलेलं निम्मं आपसांत वाटून घेतात. पाठ्यपुस्तकात 'समसंभाव्य निष्पत्ती' असा एक शब्द येतो आणि मुलं तो व्याख्येपुरता पाठ करतात. सगळं गणित त्या शब्दावर उभं आहे. प्रकार मोजून भागाकार करायचा, तो फक्त प्रकार समसंभाव्य असतील तेव्हाच. नाहीतर माझ्या वर्गातला एक पोरगा म्हणाला तसं होतं : "बाई, मी पास होईन किंवा नापास, दोनच प्रकार, म्हणजे पन्नास टक्के चान्स आहे."

तर भांडण आहे तीन की चार, म्हणजे एक तृतीयांश की निम्मं, याचं. ते मी तोंडाने मिटवत नाही. दोघादोघांचे गट करते आणि नाणी हातात देते.

नाणी मुद्दाम वेगवेगळी घ्यायची : एक रुपयाचं पांढरं आणि पाच रुपयांचं पिवळसर. याचं कारण मुलांना आधी सांगायचं नाही, ते शेवटी आपोआप कळतं. सिंहाची बाजू म्हणजे छापा हे सुरुवातीलाच ठरवून टाकायचं, कारण यावरून दर वर्षी वाद होतो. नाणी स्टीलच्या पेल्यात घालून, तळवा झाकून नीट खुळखुळवायची आणि घडी घातलेल्या टॉवेलवर ओतायची. टॉवेल नसेल तर वीस गटांचा खणखणाट शेजारच्या वर्गात ऐकू जातो आणि मुख्याध्यापक येतात. शिवाय नाणी बाकाखाली पळतात. बाकाखाली गेलेली फेक रद्द, दोन्ही नाण्यांची रद्द, हा नियमही आधीच ठरवायचा. आधी वाकून बघायचं आणि मग "ही धरायची का नको?" असं विचारायचं, हे चालत नाही. बघून ठरवलं की हवं ते धरलं जातं आणि नको ते टाकलं जातं. मुलं हे लबाडीने करत नाहीत, नकळत होतं.

एकाने फेकायचं, एकाने लिहायचं, वीस फेकींनंतर अदलाबदल. प्रत्येक गटाच्या चाळीस फेकी. पण पहिली फेक करण्याआधी कागदाच्या माथ्यावर अंदाज लिहायचा : चाळीसपैकी दोन छापे किती वेळा, एक छापा किती वेळा, एकही नाही असं किती वेळा. तीन प्रकार मानणारी मुलं तेरा, चौदा, तेरा असं काहीतरी लिहितात. हा अंदाज शाईने लिहून घ्यावा. पेन्सिलीने लिहिलेले अंदाज तास संपेपर्यंत फार अचूक होतात.

गटाचा तक्ता असा :

| फेक | १ रुपया | ५ रुपये | एकूण छापे |
|---|---|---|---|
| १ | छा | का | १ |
| २ | का | का | ० |
| ३ | छा | छा | २ |
| ४ | का | छा | १ |
| … | | | |
| ४० | | | |

काही शिक्षक नुसते छापे मोजून खुणा करायला सांगतात : दोन छाप्यांच्या खाली एक उभी रेघ, एका छाप्याच्या खाली एक, पाचवी आडवी. ते लवकर होतं, पण त्यात दोन गोष्टी कायमच्या हरवतात. कुठल्या नाण्यावर काय पडलं ते कळत नाही आणि कुठल्या क्रमाने पडलं तेही कळत नाही. या दोन्हींचा आपल्याला पुढे उपयोग आहे, म्हणून मी पूर्ण ओळ लिहायला लावते. चाळीस फेकींना दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

मग फळ्यावर वर्गाचा तक्ता काढायचा. एकेक गट उठून आपले तीन आकडे सांगतो आणि प्रत्येक गटानंतर बेरीज पुढे न्यायची. खालचे आकडे समजावण्यासाठी मी मांडलेले आहेत, पण प्रत्यक्ष वर्गात याच तोंडवळ्याचे आकडे येतात.

| गट | २ छापे | १ छापा | ० छापे | आतापर्यंतच्या फेकी | आतापर्यंत '१ छापा' | प्रमाण |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ११ | १९ | १० | ४० | १९ | ०.४८ |
| २ | ८ | २३ | ९ | ८० | ४२ | ०.५३ |
| ३ | १३ | १५ | १२ | १२० | ५७ | ०.४८ |
| ४ | ९ | २१ | १० | १६० | ७८ | ०.४९ |
| ५ | १२ | २० | ८ | २०० | ९८ | ०.४९ |
| ६ | ७ | २२ | ११ | २४० | १२० | ०.५० |
| ७ | १० | १७ | १३ | २८० | १३७ | ०.४९ |
| ८ | १४ | १८ | ८ | ३२० | १५५ | ०.४८ |
| ९ | ९ | २४ | ७ | ३६० | १७९ | ०.५० |
| १० | ११ | २० | ९ | ४०० | १९९ | ०.५० |

तिसऱ्या गटाकडे बघा. तेरा, पंधरा, बारा. हे दोघं "तीन"वाले असले तर विजयी मुद्रेने बसलेले असतात, कारण त्यांचा अंदाज जवळजवळ तंतोतंत खरा ठरलेला असतो. आणि त्यांचा कागद खरा आहे, त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही. इथे पहिला चर्चेचा प्रश्न टाकायचा : समजा आज वर्गात फक्त हा एकच गट आला असता, तर आपण काय ठरवलं असतं? आणि नववा गट एकटाच आला असता तर?

हा प्रश्न मुलांना दोन मिनिटं चावू द्यावा. "जास्त वेळा फेकायला पाहिजे" हे उत्तर कुणीतरी देतंच. पण किती जास्त? इथे बहुतेक पुस्तकं "पुष्कळ वेळा" म्हणून मोकळी होतात. माझ्याकडे एक कामचलाऊ नियम आहे, तो आठवीतल्या वर्गमुळावर चालतो. ज्या गोष्टीची शक्यता निम्मी आहे, ती किती वेळा घडली हे मोजलं तर उत्तर निम्म्यापासून साधारण फेकींच्या वर्गमुळाइतकं इकडेतिकडे सरकू शकतं. शंभर वेळा हा प्रयोग केला तर साधारण पंचाण्णव वेळा उत्तर या पट्ट्यात पडतं, पाच वेळा बाहेर.

हा नियम लावून बघू. चाळीसचं वर्गमूळ सहाच्या थोडं वर. म्हणजे एका छाप्याची शक्यता खरंच निम्मी असेल, तर एका गटाचा आकडा चौदापासून सव्वीसपर्यंत कुठेही येऊ शकतो. तिसऱ्या गटाचे पंधरा यात बसतात आणि नवव्याचे चोवीसही बसतात. उलट शक्यता एक तृतीयांश असती, तर अपेक्षा तेरा-चौदाची होती आणि पंधरा त्याच्याही अगदी शेजारी आहेत. म्हणजे चाळीस फेकींचा तो एक कागद दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, त्याच्या जोरावर निकाल देता येत नाही. आता चारशे घ्या. वर्गमूळ वीस. निम्म्याचा पट्टा एकशे ऐंशी ते दोनशे वीस. एक तृतीयांशवाल्यांची अपेक्षा एकशे तेहतीसची, ती पट्ट्याच्या आसपासही नाही. आलेला आकडा एकशे नव्व्याण्णव. भांडण संपलं.

पण का निम्मं, ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी मुलांना परत आपापल्या तक्त्याकडे पाठवायचं : तुमच्या 'एक छापा'च्या ओळींमध्ये रुपयावर छापा किती वेळा आणि पाचावर किती वेळा ते वेगळं मोजा. वरच्या नमुन्यात समजा एकशे नव्व्याण्णवपैकी सत्त्याण्णव वेळा छापा रुपयावर होता आणि एकशे दोन वेळा पाचावर. आता फळ्यावर चार आकडे शेजारी शेजारी लिहायचे : १०४, ९७, १०२, ९७. वर्गात "हंऽऽ" असा आवाज होतो. तीन प्रकारांतला मधला प्रकार एक नव्हताच, दोन प्रकार एका नावाखाली राहत होते.

यावर हमखास येणारा प्रश्न, आणि तो फार चांगला आहे : "बाई, पण दोन्ही नाणी एकसारखी असती तर? मग हे आणि ते वेगळं कसं मोजायचं?" याचं उत्तर सांगू नये, पुढच्या तासाला दोन्ही रुपयांची नाणी देऊन परत चारशे फेकी कराव्यात. एक छापा पुन्हा निम्म्याच्या आसपास येतो. आपल्याला दोन नाण्यांत फरक कळो न कळो, नाण्यांचं त्यावाचून अडत नाही. रंग लावला म्हणून ती वेगळी पडत नाहीत.

इथे एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. १९२४ साली ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी वेगळ्या तऱ्हेने केली. दोन प्रकाशकण आणि त्यांना राहायला दोन जागा असतील, तर दोघं इकडे, दोघं तिकडे आणि एकेक दोन्हीकडे अशा तीनच व्यवस्था धरायच्या आणि तिन्हींना सारखं वजन द्यायचं. 'हा इकडे तो तिकडे' आणि 'तो इकडे हा तिकडे' यांत तिथे खरोखरच फरक नसतो. म्हणजे आमच्या वर्गातली "तीन"वाली मुलं नाण्यांबद्दल चुकली, पण निसर्गात असं मोजमाप चालणारी वस्तू आहे. हे सांगितल्यावर हरलेल्या बाजूचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पुढचा चर्चेचा प्रश्न क्रमाबद्दलचा. रुपयावर लागोपाठ पाच छापे पडलेले कागद वर्गात असतातच. विचारायचं, सहाव्या वेळी काय पडेल असं वाटतं? अर्धा वर्ग म्हणतो काटा, "आता त्याची पाळी आहे." थोडे म्हणतात छापा, "नाणं तापलंय." या दोघांनाही आपल्याच तक्त्यांकडे पाठवायचं. सगळ्या गटांनी आपल्या कागदावर लागोपाठ तीन छापे कुठे आले ते शोधायचं आणि त्याच्या लगेच पुढे काय आलं ते मोजायचं. छापा आणि काटा दोन्ही जवळपास सारखेच निघतात. नाण्याला आठवण नसते.

"मग प्रमाण निम्म्याकडे जातं कसं, जर नाणं भरपाई करत नसेल तर?" हा प्रश्न एखाद्याच मुलीला पडतो, पण पडला तर सोन्यासारखा. याचं उत्तर द्यायला माझ्याकडे जॉन केरिच आहे. दक्षिण आफ्रिकेत गणित शिकवणारा हा माणूस १९४० साली डेन्मार्कमध्ये असताना जर्मन फौजा तिथे शिरल्या आणि तो स्थानबद्ध झाला. छावणीत वेळ भरपूर होता. त्याने एक नाणं दहा हजार वेळा उडवून प्रत्येक फेक नोंदवली. शंभर फेकींनंतर त्याचे छापे होते ४४, हजारांनंतर ५०२ आणि दहा हजारांनंतर ५०६७. नीट बघा. शंभरांत सहाची तूट होती, दहा हजारांत सदुसष्टची वाढ झाली. फरक कमी झाला नाही, वाढला. पण शंभरांत सहा म्हणजे सहा टक्के आणि दहा हजारांत सदुसष्ट म्हणजे एक टक्काही नाही. जुना फरक कुणी फेडत नाही, तो मोठ्या संख्येत विरून जातो. वर्गमुळाचा नियमही इथे ताडून बघता येतो : दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, आणि सदुसष्ट त्याच्या आतच आहेत.

आता थोडं फसवणुकीबद्दल, कारण वर्गात ती होते. चाळीस फेकींचा कंटाळा येतो, शेजारचा गट पुढे गेलेला असतो, आणि शेवटच्या पंधरा-वीस ओळी डोक्यातून भरल्या जातात. बेरजेवरून हे ओळखता येत नाही, उलट मनाने भरलेली बेरीज जास्तच शहाणी दिसते. ओळखायचं ते क्रमावरून. खऱ्या चाळीस फेकींमध्ये एकाच नाण्यावर लागोपाठ पाच किंवा जास्त वेळा तीच बाजू येण्याची शक्यता चौऱ्याहत्तर टक्के असते. दहा गट, प्रत्येकाचे दोन रकाने, असे वीस रकाने असले तर त्यातल्या पंधराएकांत पाचाची माळ दिसायला हवी. मनाने लिहिणाऱ्याचा हात तिसऱ्या-चौथ्या छाप्यालाच थबकतो, त्याला वाटतं हे खोटं दिसेल. एका गटाच्या एका रकान्यात माळ नाही म्हणून कुणावर आळ घेऊ नये, चारातला एक रकाना असा असतोच. मी तर उलट करते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाला नाणं देते, अर्ध्या वर्गाला नुसतं मनाने चाळीस वेळा छापा-काटा लिहायला सांगते. कागद गोळा करून, नावं न बघता, खरे कुठले आणि मनाचे कुठले ते वेगळे करते. सगळे बरोबर येत नाहीत, पण बहुतेक येतात. मुलांना ती जादू वाटते, आणि युक्ती सांगितल्यावर ती घरी जाऊन भावंडांवर चालवतात.

नाण्यापुरतं एक खरं सांगून टाकायला हवं. नाणं अगदी काटेकोर निम्मं-निम्मं नसतं. अंगठ्याने उडवून हातात झेललेलं नाणं उडवताना जी बाजू वर होती त्याच बाजूवर किंचित जास्त वेळा पडतं. २०२३ साली ॲमस्टरडॅमच्या एका संशोधक गटाने हे तपासलं. अठ्ठेचाळीस जणांनी मिळून ३,५०,७५७ फेकी केल्या, तेव्हा ५०.८ टक्के वेळा सुरुवातीची बाजू वर आली. आपला नियम लावा : ०.८ टक्क्याचा फरक वर्गमुळाच्या पट्ट्याबाहेर निघायला सोळा हजारांच्या आसपास फेकी लागतात. आमच्या चारशेंत तो दिसणं शक्यच नाही, आणि पेल्यात खुळखुळवल्यावर सुरुवातीची बाजू कुठली हेच उरत नाही. पेला त्यासाठीच आहे. नाणं टेबलावर भिंगरीसारखं फिरवायला मात्र देऊ नये. काठाची घडण एकसारखी नसेल तर फिरवलेलं नाणं एका बाजूला बरंच झुकतं.

फाशांवर येताना मी हेच भांडण पुढे नेते. दोन फाशांची बेरीज दोनपासून बारापर्यंत, म्हणजे अकरा प्रकार. मुलं आता सावध झालेली असतात, अकरा समसंभाव्य आहेत असं सहसा म्हणत नाहीत. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. एक लाल आणि एक पांढरा फासा घेतला की लाल तीन-पांढरा चार आणि लाल चार-पांढरा तीन हे वेगळे, हे पटतं. मग एखादा म्हणतो, तसे तीन-तीन सुद्धा दोनदा मोजा ना! त्याला फासे हातात देऊन म्हणायचं, तीन-तीनची दुसरी मांडणी करून दाखव. तो फासे उचलतो, जागा बदलतो आणि हसतो, कारण लालवर तीन आणि पांढऱ्यावर तीन हेच परत समोर असतं. सहा ओळी, सहा रकाने असा छत्तीस घरांचा चौकोन त्यांना स्वतःला भरू द्यावा. बेरीज सातची घरं तिरकी सहा निघतात, दोनचं आणि बाराचं एकेक.

हीच गोष्ट तीन फाशांवर गॅलिलिओपर्यंत गेली होती. टस्कनीच्या राज्यकर्त्यासाठी त्याने हा हिशेब लिहून दिला. जुगाऱ्यांचं म्हणणं होतं की बेरीज नऊ सहा तऱ्हांनी होते आणि दहाही सहाच तऱ्हांनी, मग खेळताना दहा जास्त वेळा का येतात? गॅलिलिओने तऱ्हा उलगडल्या. सहा-दोन-एक ही तऱ्हा तीन फाशांवर सहा प्रकारे मांडता येते, तीन-तीन-तीन मात्र एकाच प्रकारे, आणि ती नऊच्या वाट्याला आलेली आहे. एकूण २१६ मांडण्यांपैकी नऊच्या पंचवीस आणि दहाच्या सत्तावीस. मला गॅलिलिओपेक्षा त्या जुगाऱ्यांचं जास्त नवल वाटतं. पंचवीस आणि सत्तावीस यांतला फरक निव्वळ योगायोगापासून बऱ्यापैकी खात्रीने वेगळा काढायला अकरा हजारांच्या आसपास फेकी लागतात. एवढं खेळून त्यांनी तो हेरला असेल, तर त्यांच्या घरच्यांची दया येते. वर्गात हा प्रयोग करू नये, कितीही तास घेतले तरी नऊ आणि दहा पुढेमागे होत राहतात. तो कागदावर मोजावा, आणि मुलांना विचारावं : कुठला वाद फेकून मिटतो आणि कुठला मोजूनच मिटवावा लागतो?

लुडो खेळणाऱ्या मुलांसाठी एक प्रश्न राखून ठेवते. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. दहा वेळा फासा टाकूनही सहा पडला नाही, तर फासा खोटा म्हणायचा का? एका फेकीत सहा न पडण्याची शक्यता पाच षष्ठांश. ती दहा वेळा गुणली की सुमारे सोळा टक्के उरतात. म्हणजे वीस मुलं खेळायला बसली तर तिघं दहा पाळ्या घरातच अडकणार, आणि तिघंही फाशाला शिव्या देणार.

शेवटचा तास चिंचोक्यांचा. गल्लीत खेळताना आम्ही खापरीला एका बाजूने थुंकी लावून "ओली की सुकी" करायचो, आणि पट मांडला की कवड्या नाहीतर फोडलेले चिंचोके टाकायचो. चिंचोका दगडावर घासून किंवा फोडून त्याच्या दोन फाका करायच्या : एक बाजू सपाट, पांढरी, दुसरी फुगीर, तपकिरी. आता विचारायचं, पांढरी बाजू वर पडण्याची शक्यता किती? मुलं सवयीने "निम्मी" म्हणतात, मग हातातल्या फाकेकडे बघून गप्प होतात. नाण्याच्या दोन बाजू एकसारख्या आहेत म्हणून आपण न फेकताही निम्मं म्हणू शकलो. इथे तो आधारच नाही. नमुना अवकाश लिहिता येतो, दोनच निष्पत्ती आहेत, पण त्या समसंभाव्य आहेत असं कशावरून म्हणणार? भागाकाराचं सूत्र इथे थांबतं आणि फक्त तक्ता उरतो.

तक्ता तोच, एक रकाना कमी. प्रत्येक गटाला आपली फाक, तिच्यावर पेनने गटाचा नंबर, आणि ती बदलायची नाही. दोनशे फेकी. प्रमाण निम्म्याजवळ नसेल, पण पट्टा त्याच वर्गमुळाचा धरला तरी चालतं, जरा ऐसपैस होतो एवढंच. मग सगळ्यांची प्रमाणं फळ्यावर लिहायची, पण या वेळी बेरीज करण्याआधी थांबायचं. नाण्यांच्या वेळी आपण दहा गटांचे आकडे बिनधास्त एकत्र केले होते. इथे कुणाची फाक जाड, कुणाची पातळ, कुणाची वाकडी फुटलेली. दहा गटांचे दोन हजार फेकींचे आकडे एकत्र करायचे की नाही, आणि केले तर येणारं उत्तर नेमकं कुठल्या चिंचोक्याचं, यावर मागच्या वर्षी तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालू होता. मधल्या सुट्टीत दोन मुली फाका घेऊन परत आल्या. त्यांना आपसांत फाका बदलून पुन्हा दोनशे फेकी करायच्या होत्या.